आदरणीय गेंडा

शिराळ्यात माणूस जन्माला येतो दवाखान्यात, पण मोठा होतो जोतिबा निकमच्या दुकानात. दुकानाचं नाव नागराज डिजिटल. आठ बाय दहाची खोली, एक कॉम्प्युटर, मागं पडद्याआड फ्लेक्स छापायचं मशीन आणि शाईचा असा वास, की नवीन गिऱ्हाईक दारातच दोनदा शिंकायचं. गल्लीतलं साधं पोरगं सकाळी फोटो घेऊन आत शिरायचं आणि संध्याकाळी चौकात दहा फुटी होऊन उभं राहायचं. गॉगल, हात जोडलेले, पाठीमागं वाघ.

फ्लेक्सवर येणाऱ्याची तऱ्हा ठरलेली. एका मंडळाचा म्होरक्या राजवर्धन आला की आधी मान खाली घालून म्हणणार, "मी नकोच म्हणत होतो जोतिबाभाऊ, पोरं ऐकंनात." पोरं मागं उभी असायची आणि त्यांना काय ऐकायचं होतं हेच ठाऊक नसायचं. मग राजवर्धन खुर्ची पुढं ओढणार. "आता करायचाच हाय तर वर 'किंग' टाका. आन वाघ जरा माज्याकडं बघतोय असा घ्या."

जोतिबा मोबाइलवरचा फोटो घ्यायचा, माणसाच्या कडेनं बारीक रेघ ओढून त्याला त्याच्या स्वयंपाकघरातून कापून काढायचा आणि सोनेरी ढगांत बसवायचा. केसांपाशी फार वेळ जायचा. खरी भांडणं मात्र खालच्या पट्टीत. तिथं 'शुभेच्छुक' लिहून गोल गोल चेहऱ्यांची रांग लागते, आणि कुणाचा गोल केवढा यावर दोन मंडळं फुटलेली जोतिबानं डोळ्यांनी बघितली होती. शब्द सगळे त्याचेच. 'दिलदार', 'दमदार', 'राजामाणूस', 'उदंड आयुष्य लाभो हीच अंबामातेचरणी प्रार्थना.' तालुक्याचं कौतुक त्यानं एकट्यानं पेललं होतं.

त्याच्या स्वतःच्या वाढदिवसाला मात्र वर्षानुवर्षं एकच शुभेच्छा खरी होती. ती द्यायचा सम्मेद.

सम्मेद म्हणजे पेठेतल्या मदनशेठ कापडवाल्यांचा मुलगा. पहिलीपासून दोघं एका बाकावर. सम्मेदचा वाढदिवस नऊ जानेवारी, त्यात शंका नाही. त्याची आई चंदनबालाकाकी मिनिटासकट सांगायची. जोतिबाचं तसं नव्हतं. तो जन्मला नागपंचमीला, आणि शिराळ्यात त्या दिवशी अख्खं गाव रस्त्यावर असतं, घड्याळाकडं कोण बघणार. तारीख कुणी लिहून ठेवली नाही. शाळेत नाव घालायला वडील आकाराम गेले तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं, "जन्मतारीख?"

"पंचमीचा हाय."

"कुठल्या सालची पंचमी? तारीख काय?"

"पंचमीला काय तारीख असती व्हय? पंचमीच असती."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि एक जून लिहिलं. त्या वर्षी पहिलीत बत्तीस पोरं होती, त्यांतली एकोणीस एक जूनला जन्मली. पुढं तीच तारीख दाखल्यावर गेली, दाखल्यावरनं आधारकार्डावर गेली. सरकारदरबारी जोतिबा एक जूनचा. खरा पंचमीचा. आणि पंचमी तर पळती: कधी जुलैच्या शेवटाला, कधी ऑगस्टच्या मध्याला. दरसाली कॅलेंडर काढून बघावं तेव्हा सापडायची. सम्मेद बघायचा.

पाचवीत असताना पंचमीच्या आदल्या दिवशी जोतिबानं डबा उघडला, तर भाकरीवर चिठ्ठी. 'उद्या एक गाढव अकरा वर्षांचं होणार.' नऊ जानेवारीला जोतिबानं उट्टं काढलं. सम्मेदच्या भूगोलाच्या वहीत लिहिलं, 'आज एक रेडा जन्मला, काकीला लय त्रास झाला.' तिथनं नियम पडला. दर वाढदिवसाला एक जनावर. एकदा वापरलेलं पुन्हा नाही, कुणी का वापरलेलं असेना. आणि नाग घ्यायचा नाही, कारण पंचमीला नागाला नावं ठेवणं बरं दिसत नाही.

सम्मेद कॉलेजला सांगलीला गेला तेव्हा जनावरं पोस्टकार्डावरनं यायला लागली. पोस्टकार्डाला झाकण नसतं. पोस्टमन तात्या ते वाटेतच वाचून यायचे आणि गल्लीच्या तोंडाशी सायकलवरनंच ओरडायचे, "आकाराम, तुजं वटवाघूळ घरात हाय का?" आकाराम शांतपणे म्हणायचा, "परड्यात हाय, पाठवतो."

मग मोबाइल आले. बटणाचा फोन, मराठी अक्षरं नाहीत. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, त्यात मुंगूस टाइप करताना सम्मेदचा अंगठा दुखला असं त्यानं नंतर फोन करून सांगितलं. गावातली जनावरं संपली तेव्हा दोघं प्राण्यांच्या चॅनेलवर आले. सम्मेदला साताऱ्यात एका हॉटेलात नोकरी लागली, लग्न झालं, जोतिबाचं झालं, तरी पाणघोडा आला, मुंगीखाऊ आला. जोतिबाच्या बायकोनं, क्रांतीनं, लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला नवऱ्याच्या मोबाइलवर 'ए आळशी अस्वला, वाढदिवस' वाचलं आणि माहेरी फोन लावला होता, की यांची कुणाशी दुश्मनी हाय का बघा.

त्यानंतर कधीतरी जनावरं बंद पडली. कशी, ते जोतिबाला नीट आठवत नव्हतं. सम्मेदनं महाबळेश्वरला स्वतःचं हॉटेल काढलं, लेकीच्या नावानं, 'ब्राह्मी व्हॅली'. कामं वाढली असतील. पंचमीला मेसेज यायचा, पण 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा जोतिबा' असा. जोतिबा. जोत्या नाही. पुढच्या सालाला 'जोतिबाजी'. त्या 'जी'नं जोतिबाचं जेवण गेलं. मग नुसतं केकचं चित्र. मग तेही दोन दिवस उशिरा. आणि गेली तीन वर्षं पंचमीला काहीच नाही.

यंदा एक जूनला सकाळी सव्वानऊला मोबाइल वाजला. 'आदरणीय अतिथी श्री. जोतिबा आकाराम निकम, आपल्या जन्मदिनी ब्राह्मी व्हॅली परिवारातर्फे मनःपूर्वक शुभेच्छा. या आनंदाच्या क्षणी आपल्यासाठी खास पावसाळी पॅकेजवर १५ टक्के सूट. नाश्ता समाविष्ट.'

तीन वर्षं हेच चाललं होतं, आणि ते कशामुळं, हे जोतिबाला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी तो क्रांतीला आणि लेक प्रांजलला घेऊन महाबळेश्वरला गेला होता आणि मुद्दाम सम्मेदच्याच हॉटेलात उतरला होता. सम्मेद त्या दिवशी बेंगळुरूला. काउंटरवरच्या मॅनेजर राजेश्वरीबाईंनी हसून आधारकार्ड मागितलं. 'मी शेठचा दोस्त' हे वाक्य जोतिबाच्या ओठावर आलं, समोर तो चकचकीत दगडी काउंटर बघून परत गेलं. त्यानं कार्ड दिलं. बाईंनी नाव, नंबर, जन्मतारीख कॉम्प्युटरात भरली. तेव्हापासनं कॉम्प्युटर दर एक जूनला त्याच्यावर प्रेम करत होता.

इतके दिवस त्यानं गिळलं. पण यंदा पंचमीला चाळीस पूर्ण होणार होती. चाळिसाव्याला पंधरा टक्के सूट आणि नाश्ता समाविष्ट. त्यानं तिथल्या तिथं उत्तर टाइप केलं: 'अरे माजलेल्या रानडुकरा.'

लगेच उत्तर आलं. 'आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.' पाच मिनिटांनी प्रतिनिधी आल्या. 'नमस्कार सर, मी राजेश्वरी. रानडुक्कर हॉटेलच्या आवारात कुठे दिसले ते कळवावे. वनविभागाला सांगतो.'

जोतिबानं लिहिलं, 'मालकाच्या खुर्चीत बघा.'

'नोंद घेतली आहे सर. आपला दिवस आनंदात जावो.'

क्रांती डबा घेऊन दुकानात आली, तेव्हा नवरा मशीनशी बोलत होता. "पैसा आला की माणूस असा होतो बघ. आपली तिथी इसरला. आदरणीय म्हणतोय मला. आदरणीय. मी काय मेलोय का?"

"आधी कोण इसरलं?" क्रांती डबा सोडत म्हणाली.

"कोण म्हंजे? त्योच."

"दाखवा की मग. मोबाइलात असंल समदं."

होतंच. तीन फोन बदलले, पण नंबर एक आणि जुने मेसेज दर वेळी नव्या फोनात उतरवून घेतलेले. जोतिबा पुराव्यासाठी वर वर सरकवत गेला. केक गेला. 'जोतिबाजी' गेलं. 'जोतिबा' आलं. "ही बघ, हितनं सुरू झालं. हॉटेल काढलं त्या सालची पंचमी. इथं जनावर न्हाई."

"अजून वर घ्या," क्रांती म्हणाली. "तेच्या आदल्या जानेवारीत तुमी काय धाडलंवतं?"

जोतिबानं वर घेतलं आणि त्याचा अंगठा थांबला.

तिथं एक डिझाइन होतं. नागराज डिजिटलचंच, सोनेरी ढगांसकट. मध्ये कोटातला सम्मेद. वर लिहिलं होतं: 'आदरणीय उद्योगरत्न सम्मेदशेठ यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.' खाली 'शुभेच्छुक: नागराज डिजिटल, शिराळा. आमच्याकडे सर्व प्रकारचे फ्लेक्स वाजवी दरात.' त्याखाली सम्मेदचं उत्तर: जोडलेले दोन हात. नुसते हात.

पुढच्या जानेवारीत तेच डिझाइन, फक्त कोट निळा. त्याच्या पुढच्या जानेवारीतही. मग तीन इंग्रजी अक्षरं, ज्यांचा अर्थ 'वाढदिवस आहे, मला वेळ नाही' असा होतो.

क्रांतीनं चपाती मोडली. "हितं बी जनावर न्हाई."

जोतिबाला सगळं आठवलं. त्या जानेवारीत कुणीतरी सांगितलं होतं, सम्मेदच्या हॉटेलला चाळीस खोल्या हायत, उद्घाटनाला पाव्हणे कारनं आले. त्या सालचं जनावर गेंडा ठरलं होतं. त्यानं 'ए गेंड्या' असं लिहिलंही होतं. मग वाटलं, मोबाइल नोकराच्या हातात असला तर? चाळीस खोल्यांच्या मालकाला गेंडा कसं म्हणायचं? त्यानं गेंडा खोडला आणि आदरणीय लिहिलं. दुकानात दिवसाला दहा वेळा लिहायचा, तेच.

"म्हंजे मीच," तो म्हणाला.

"जेवा आता," क्रांती म्हणाली.

तो जेवला नाही. दुपारभर शटर अर्धं ओढून बसला. राजवर्धन वाघाची नजर बदलून घ्यायला आला, त्याला म्हणाला, "आज वाघ सुट्टीवर हाय, उद्या ये." फोन लावावा तर काय बोलणार? गेंडा म्हणायचा राहिला, आता म्हणतो? मेसेज टाकावा तर तो त्या केकांच्या, हातांच्या ढिगात एक आणखी. जोतिबाला एकच भाषा नीट यायची, आणि ती फुटांत मोजायची असते.

त्यानं दहा बाय सहाचा फ्लेक्स लावायला घेतला. मध्ये सम्मेदचा फोटो. कोटातला नाही, सहलीतला, सातवीतला, पुढचा दात पडलेला. तो मोठा केला की फुटत होता, म्हणून रात्रीपर्यंत एकेक ठिपका भरत बसला. वर सोनेरी अक्षरांत: 'आदरणीय गेंडा सम्मेद यांस, राहिलेल्या नऊ वाढदिवसांच्या शुभेच्छा.' आणि खालच्या पट्टीत, जिथं चेहऱ्यांची रांग असते तिथं 'शुभेच्छुक' लिहून नऊ गोल. राहिलेल्या एकेका वर्षाचं एकेक जनावर. झिराफ, साळिंदर, तरस, टर्की कोंबडी, खवल्या मांजर, लामा, पेंग्विन, पाणमांजर. नवव्या गोलात त्यानं स्वतःचा फोटो टाकला. गोल सगळे एका मापाचे केले, भांडण नको.

छापला, कडेनं पितळी कड्या मारल्या, गुंडाळला आणि पृथ्वीराज टॅक्सीवाल्याकडं दिला. पृथ्वीराज आठवड्याला दोनदा महाबळेश्वरला पर्यटक सोडायचा. "शेठच्या हातात दे," जोतिबा म्हणाला. "उघडून बघू नगं."

चार दिवसांनी पृथ्वीराज परत आला तेव्हा तोंडावर बातमी मावत नव्हती.

"दिलास हातात?"

"शेठ साताऱ्याला गेल्यालं. मग त्या मॅनेजर बाईंच्याकडं दिला. त्येंनी उघडला."

"तुला म्हटलं व्हतं..."

"मी कुटं उघडला, त्येंनी उघडला. वर वाढदिवस दिसला. बाई म्हणल्या, अगंबाई, शेठचा वाढदिवस आन आपल्याला ठाऊक न्हाई. झालं, माळ्याला बोलावलं आन गेटवर बांधला."

जोतिबा खुर्चीत बसला. "गेटवर."

"रस्त्याकडंनी. केक आणला. टॅक्सीवाले समदे हॉर्न वाजवून शुभेच्छा देत व्हते. पर्यटक फोटो काढाय लागले. एक बाई विचारत व्हती, झिराफ आन शेठ यांचं नातं काय. आवं, पाऊस असा कोसळतोय, पर तुमचा फ्लेक्स हलला न्हाई, माल चांगला हाय."

"आन सम्मेद?"

"आलं की. गाडीतनं उतरलं, वर बघितलं, आन छत्री मिटून पावसातच हुबं ऱ्हायलं. लय येळ."

"हसला का?"

पृथ्वीराजनं प्रामाणिकपणे विचार केला. "पाऊस व्हता वो. तोंडाचं काय कळलं न्हाई."

त्यानंतर सम्मेदकडनं काही आलं नाही. जून गेला. मोबाइल वाजला की जोतिबा झडप घालायचा. कुणीतरी 'किंग' मागायचं. हात नाहीत, केक नाही, शिवीसुद्धा नाही. चाळीस खोल्यांच्या मालकाची आपण त्याच्याच गेटवर, त्याच्याच नोकरांपुढं शोभा केली. इतकी वर्षं मैत्री नुसती पातळ होत होती, ती आपण दहा बाय सहाची करून तोडली, असं त्याला रोज जेवताना वाटायचं. क्रांतीनं एकदा विचारलं, "फोन लावता का?" तर म्हणाला, "पंचमीपतोर बघू. पंचमीला काय आलं न्हाई तर संपलं."

पंचमी जवळ आली आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. प्रत्येक मंडळाला मिरवणुकीचा फ्लेक्स हवा, तोही काल हवा होता. आदल्या दिवशी दुपारी बारा जण काउंटरला चिकटले होते, राजवर्धन त्यात सगळ्यांत पुढं. तेवढ्यात दारात पोस्टाची पिशवी दिसली. पोस्टमन तात्या कधीच रिटायर झाले. आता संयोगिता स्कूटीवरनं येते. ती हातातल्या कार्डाकडं बघत दारातच थांबली.

"हितं शहामृग कोण हाय?"

बारा जण वळले. एकानं मशीनमागं वाकून बघितलं.

"पत्ता वाचू का? 'शहामृग, फ्लेक्सवाले, शिराळा, जिल्हा सांगली.' बाकी काय नाव न्हाई. आमच्या हापिसात तासभर चर्चा झाली. शेवटी साहेब म्हणाले, फ्लेक्सवाल्याला इचारून बघा."

जोतिबाचा हात माउसवरच राहिला. "वाच," तो म्हणाला.

"मी?"

"उघडंच हाय की. वाच."

संयोगितानं घसा साफ केला. तिनं वाचलं ते असं:

'ए शहामृगा, नऊ वर्षं वाळूत डोकं घालून बसलास, आता काढलंस तर ढुंगण गेटवर टांगलंस. माझा पडका दात अख्ख्या महाबळेश्वरनं बघितला. फ्लेक्स मी काढायला सांगितला नाही, गिऱ्हाईक त्याच्याखाली उभं राहून फोटो काढतं, धंद्याला बरा आहे. नववं जनावर ओळखू येत नाही असं राजेश्वरीबाई म्हणतात. मी म्हटलं ते गावठी आहे. बाई अजून माझ्या खुर्चीखाली रानडुक्कर शोधतात. तुझी एक जूनची नोंद मी खोडायला सांगितली. त्या म्हणाल्या, नवी तारीख काय टाकू? म्हटलं, नागपंचमी. त्या म्हणाल्या, कॉम्प्युटर तिथी घेत नाही, तारीख घेतो. म्हटलं मग राहू दे, मीच कॅलेंडर बघत जाईन. फोन मुद्दाम केला नाही. तू मला गेटवर टांगलंस, मी तुला गल्लीत वाचून दाखवणार. चाळीस झालास. आईनं विचारलंय तुला. तुझा गेंडा.'

राजवर्धननं काळजीनं विचारलं, "जोतिबाभाऊ, कोण हो ह्यो?"

"दोस्त हाय माझा."

"आन असं लिवतो?"

"मधी बंद केलंवतं," जोतिबा म्हणाला. "आता लिवाय लागला परत."

त्यानं कार्ड घेतलं, उलटंपालटं केलं आणि कॉम्प्युटरच्या काचेला चिकटपट्टीनं लावलं, असं की गिऱ्हाइकाला अक्षरं नीट दिसावीत. मग खुर्ची पुढं ओढली आणि राजवर्धनचा वाघ पडद्यावर घेतला.

राजवर्धन बराच वेळ त्या कार्डाकडं बघत होता. मागची पोरं कुजबुजली. शेवटी तो खाली वाकून हळूच म्हणाला, "भाऊ, 'किंग' ऱ्हाऊ दे वर. पर खाली पोरांच्या गोलात एकेक जनावर टाकता येतंय का?"

"येतंय," जोतिबा म्हणाला. "पर नवी घ्या. शहामृग आन गेंडा संपल्यात."